भात शेवटी

मराठी पंगतीत पान वाढण्याची रीत ठरलेली असते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाज्या आणि आमटी; मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. जेवणाची सुरुवात होते ती वरणभाताने. मग पोळी किंवा पुरी, मग मसालेभात, गोड, आणि शेवटी पुन्हा ताकभात. कोशिंबीर आणि भाजी मधूनमधून, पोळीच्या घासाबरोबर, जिभेला चव यावी एवढीच. म्हणजे उपाशी पोटात सगळ्यात आधी जातो तो मऊ शिजलेला स्टार्च. रोजच्या घरच्या जेवणात पंगतीचा थाट नसतो, पण क्रम फारसा बदलत नाही. पहिला घास भाताचा असतो, नाहीतर पोळीचा.

या पुस्तिकेचा विषय तेवढाच आहे: ताटातले पदार्थ तेच, त्यांचं प्रमाण तेच, आणि फक्त क्रम उलटा केला तर जेवणानंतरची साखर किती बदलते? हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. त्याचं उत्तर मात्र मोजलेलं आहे, आणि ज्यांच्या रिपोर्टवर ‘पीपी’च्या पुढचा आकडा वर्षानुवर्षं हटत नाही त्यांच्यासाठी ते किरकोळ नाही.

आधी साखरेचा हिशेब. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी साखर 100 असेल, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तात 100 मिलिग्रॅम, तर त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज फक्त पाच ग्रॅम, एक चहाचा चमचा. आता ताट पाहा. एक वाटी शिजलेल्या भातात सुमारे 40 ग्रॅम कर्बोदकं असतात. मध्यम आकाराच्या एका पोळीत 20 ग्रॅमच्या आसपास. एक वाटी भात आणि एक पोळी खाल्ली की रक्तात जेवढं ग्लुकोज फिरत असतं त्याच्या बारापट ग्लुकोज आतड्यातून आत शिरायला तयार होतं. निरोगी शरीर हे पेलतं, कारण स्वादुपिंड पहिल्या काही मिनिटांतच इन्सुलिनचा एक झटपट हप्ता सोडतं. टाइप 2 मधुमेहात सगळ्यात आधी मंदावतो तो हाच पहिला हप्ता. इन्सुलिन येतं, पण उशिरा येतं, आणि तोवर साखर चढून बसलेली असते. म्हणून अशा माणसाच्या बाबतीत ग्लुकोज एकूण किती आलं याच्याइतकंच ते किती वेगाने आलं हेही महत्त्वाचं ठरतं. जेवणाच्या क्रमाने बदलतो तो हा वेग.

न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या अल्पना शुक्ला, लुई अरोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ‘डायबेटिस केअर’ या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. टाइप 2 मधुमेह आणि लठ्ठपणा असलेली, मेटफॉर्मिन घेणारी 11 माणसं. सगळ्यांना रात्रभर उपाशी ठेवून सकाळी तेच जेवण दोनदा दिलं, मध्ये आठवड्याचं अंतर ठेवून. जेवणात चिआबाटा नावाचा इटालियन पाव आणि संत्र्याचा रस होता. सोबत भाजलेलं कोंबडीचं मांस, टोमॅटो घातलेलं सॅलड आणि लोणी लावलेली वाफवलेली ब्रोकोली. कर्बोदकं 68 ग्रॅम, प्रथिनं 55 ग्रॅम. पहिल्या वेळी आधी पाव आणि रस, 15 मिनिटांनी मांस आणि भाज्या. दुसऱ्या वेळी नेमका उलटा क्रम.

पाव आधी खाल्ला तेव्हा एका तासाने साखरेची सरासरी सुमारे 200 वर गेली. पाव शेवटी खाल्ला तेव्हा त्याच माणसांची, त्याच जेवणानंतरची सरासरी सुमारे 126 राहिली. दोन तासांनी आकडे होते 169 आणि 140. उपाशीपोटीच्या पातळीच्या वर साखर किती चढली आणि किती वेळ चढलेली राहिली याचं एकत्र माप म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ. ते 73 टक्क्यांनी घटलं. विशेष म्हणजे शरीराला त्यासाठी जास्त इन्सुलिन ओतावं लागलं नाही. उलट इन्सुलिनचं मापही जवळपास निम्म्यावर आलं.

हे आकडे इतके ठसठशीत आहेत की ते सावधपणे वाचायला हवेत. अर्ध्या तासाला घेतलेल्या रक्तात फरक दिसणारच होता, कारण पाव शेवटी खाणाऱ्यांच्या पोटात तो पाव जाऊन तेव्हा जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती. फरकाचा तेवढा भाग निव्वळ घड्याळाचा आहे. आणखी एक गोष्ट: पाव शेवटी खाल्ल्यावर साखर एका तासाला 126 आणि दोन तासांना 140 होती, म्हणजे ती अजून चढतच होती. मग खरं शिखर दोन तासांनंतर आलं असेल का? फक्त पुढे ढकललं गेलं, की सपाट झालं? हीच शंका त्या गटालाही आली असावी, कारण 2017 मधला त्यांचा पुढचा प्रयोग 16 जणांवर आणि तीन तास चालला. त्यात तिसरा प्रकारही होता: सगळे पदार्थ एकत्र, सँडविच करून. तीन तास मोजूनही, पाव शेवटी खाल्ला तेव्हाची चढ पाव आधी खाल्ल्याच्या तुलनेत सुमारे निम्मी होती, आणि सँडविचपेक्षाही ती बरीच कमी होती. साखर नुसती पुढे ढकलली गेली नव्हती, शिखरच बुटकं झालं होतं.

सँडविचची गोष्ट मराठी वाचकाने विशेष लक्षात ठेवावी, कारण पोळीच्या तुकड्यात भाजी धरून घास घेणं हे जवळजवळ तेच आहे. एकत्र खाणं हे नुसती पोळी आधी खाण्याइतकं वाईट नाही, पण क्रमाचा पूर्ण फायदाही त्यात मिळत नाही.

असं का होतं, याचं उत्तर जठराच्या खालच्या टोकाला आहे. तिथे पायलोरस नावाचा स्नायूंचा आवळता वेढा असतो. जठरात घुसळलेलं अन्न तो थोडं थोडं करून लहान आतड्यात सोडतो, आणि किती सोडायचं हे त्याला खालून येणाऱ्या निरोपांवरून कळतं. नुसता मऊ भात किंवा पाव पोटात असेल तर तो लवकर पातळ होतो आणि भराभर पुढे सरकतो. लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस त्याचे तुकडे करतो आणि ग्लुकोज रक्तात जातं. पण आतड्याच्या अस्तरात काही पेशी अशा आहेत की ज्यांना प्रथिनांचे आणि चरबीचे तुकडे लागले की त्या संप्रेरकं सोडतात. कोलेसिस्टोकायनिन हे त्यांपैकी एक, जीएलपी-1 हे दुसरं. ही संप्रेरकं जठराला मंद व्हायला सांगतात. शिवाय जीएलपी-1 स्वादुपिंडाला साखर चढत असताना इन्सुलिन सोडायला उत्तेजन देतं आणि यकृताकडून साखर सोडवणाऱ्या ग्लुकॅगॉनला आवर घालतं. वजन आणि मधुमेहासाठी सध्या बोलबाला असलेलं सेमाग्लुटाइड याच जीएलपी-1 ची नक्कल करतं, आणि आपल्याकडे अनेकांच्या चिठ्ठीवर असणाऱ्या सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिनसारख्या गोळ्या शरीराचं स्वतःचं जीएलपी-1 लवकर मोडू देत नाहीत.

आता क्रमाचं महत्त्व उलगडतं. हा निरोप भाताच्या आधी पोचला पाहिजे. अंडं, मासा, पनीर किंवा उसळ दहा-पंधरा मिनिटं आधी पोटात गेली असेल तर तिचा पहिला अंश आतड्यात उतरून पायलोरस आवळला गेलेला असतो, आणि मागून येणाऱ्या भाताला थांबून, रांगेने पुढे जावं लागतं. भात आधी गेला असेल तर निरोप येतो तेव्हा बराचसा भात दार ओलांडून गेलेला असतो. पदार्थ तेच, पण उशिरा आलेल्या निरोपाचा उपयोग थोडा.

भाज्यांचं काम थोडं वेगळं आहे. त्यांच्यात प्रथिनं आणि चरबी नगण्य. त्या मदत करतात त्या आकारमानाने आणि तंतूंनी. भेंडी, गवार, मेथी यांच्यातले विरघळणारे तंतू पाण्यात फुगून बुळबुळीत होतात आणि जठरातलं मिश्रण दाट करतात. दाट मिश्रणातून ग्लुकोज आतड्याच्या भिंतीपर्यंत सावकाश पोचतं. शिवाय पालेभाजी, काकडी, कोबी चावायला वेळ लागतो आणि भाताची पाळी येईपर्यंत भूक थोडी ओसरलेली असते. म्हणून नुसत्या भाज्या आधी खाल्ल्यानेही फरक पडतो, आणि जोडीला प्रथिनं असतील तर तो वाढतो.

पाव आणि ब्रोकोलीचं जेवण आपल्यापासून दूरचं वाटत असेल तर ओसाकाचा प्रयोग जवळचा आहे. तिथल्या संशोधकांनी 2016 मध्ये ‘डायबेटॉलॉजिया’त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 12 मधुमेही आणि 10 निरोगी माणसांना वाफवलेला भात दिला, कधी भात आधी, कधी 15 मिनिटं आधी मासा, कधी मांस. मासा आधी खाल्ल्यावर साखरेची चढ कमी झाली, जीएलपी-1 वाढलं, आणि श्वासातून जठर रिकामं होण्याचा वेग मोजला तेव्हा तो मंदावलेला दिसला. म्हणजे वरचं स्पष्टीकरण नुसता तर्क नाही, मोजलेली गोष्ट आहे. मालवणात, रत्नागिरीत, गोव्यात ज्यांचं रोजचं जेवण मासळी आणि भात आहे त्यांना हा प्रयोग आपल्याच ताटाचा वाटेल. फक्त आपल्याकडे भातावर कढी ओतून, कालवून, मासा मध्येमध्ये खाल्ला जातो. तळलेल्या किंवा भाजलेल्या बांगड्याची तुकडी आधी संपवून मग भाताला हात घालायचा, एवढा बदल.

या सगळ्याला मर्यादा आहेत आणि त्या स्पष्ट सांगायला हव्यात. माणसं थोडी, जेवणं मोजकी, आणि या प्रयोगांत दोन टप्प्यांत दहा-पंधरा मिनिटांचं अंतर, जे ऑफिसच्या डब्याला परवडत नाही. महिनोन्‌महिने असं खाल्लं तर काय, याचं उत्तर देणारे अभ्यास कमी आहेत. जपानमध्ये इमाई आणि काजियामा यांच्या गटाने 2011 मध्ये 101 मधुमेहींचा दोन वर्षांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला भाज्या आधी खायला शिकवलं, दुसऱ्याला नेहमीची मोजूनमापून खाण्याची पद्धत. पहिल्या गटाची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी 8.3 वरून 6.8 वर आली, दुसऱ्याची 8.2 वरून 7.3 वर. फरक खरा आहे, पण दोन वर्षांत माणसं भाज्याही जास्त खातात, सावकाशही खातात, भातही नकळत कमी घेतात. त्यातला नेमका किती वाटा क्रमाचा, हे अशा अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. क्रम बदलल्याने भात नाहीसा होत नाही. तीन वाट्या भात शेवटी खाणं हे एक वाटी भात आधी खाण्यापेक्षा चांगलं, असा अर्थ कुणी काढू नये.

आता आपलं ताट. समजा रात्रीचं जेवण आहे: एक वाटी भात, एक पोळी, तुरीची आमटी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि काकडीची कोशिंबीर. सुरुवात कोशिंबिरीने करावी, पण ती चमचाभर नको, पूर्ण वाटी हवी, आणि तिच्यात साखर नको. मग पालेभाजी, नुसती, चमच्याने. मग उसळ. एक वाटी उसळीत सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि त्याच्या दुपटीहून जास्त कर्बोदकं. म्हणून शाकाहारी ताटात ‘प्रथिनं आधी’ म्हणताना थोडा स्टार्चही आधी जातोच. तो कडधान्याचा, सालीसकट, हळू पचणारा असतो, त्यामुळे बिघडत नाही. पण 55 ग्रॅम प्रथिनांच्या अमेरिकन जेवणात दिसलेला परिणाम सात ग्रॅमच्या उसळीकडून जसाच्या तसा मागू नये. पनीरचे दोन-तीन तुकडे, एखादं उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही जोडलं तर पारडं थोडं झुकतं. इथवर यायला सावकाश खाल्लं तर दहा मिनिटं जातात. मग पोळी, उरलेल्या भाजीबरोबर. आणि शेवटी आमटीभात.

खरी अडचण स्वयंपाकात आहे. मराठी भाजी पोळीबरोबर खायची म्हणून केलेली असते: मीठ-तिखट सढळ, फोडणी झणझणीत, वाढायची ती पळीभर. ती नुसती खायला गेलं तर तिसऱ्या घासाला जीभ पोळीच मागते. म्हणून ज्यांना हा क्रम टिकवायचा आहे त्यांच्या घरी भाजीचं मीठ आणि तिखट कमी करावं लागतं आणि माणशी भाजी दुप्पट चिरावी लागते. ते काम बहुतेक घरांत बाईच्याच अंगावर पडतं. डॉक्टरांनी ‘आधी भाजी खा’ एवढंच रोग्याला सांगून भागत नाही. भाजी चिरणाऱ्या हातांची संख्या वाढली नाही तर हा बदल आठवड्यातच बारगळतो.

काही पदार्थ मुळात वेगळे करता येत नाहीत. पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, पुरणपोळी. इथे क्रम पदार्थाच्या आत बदलणार नाही, पदार्थाच्या आधी काहीतरी खावं लागेल: मोड आलेल्या मुगाची वाटी, उकडलेलं अंडं, मूठभर शेंगदाणे. मिसळीत मात्र सोय आहे. आधी उसळ खावी, पाव नंतर. आणि ‘भाजी आधी’ म्हणून बटाट्याची भाजी किंवा उकडलेला मका आधी खाणं म्हणजे भातच आधी खाणं. जेवणाआधी सरबत किंवा फळांचा रस घेतला तर पुढचा सगळा क्रम वाया जातो, कारण द्रवातली साखर कुणासाठी थांबत नाही.

उपयोग होतो आहे की नाही हे ओळखण्यात एक फसगत होते. प्रयोगशाळेत पीपी तपासतात दोन तासांनी. क्रमाचा फरक सगळ्यात जास्त दिसतो तो एका तासाच्या आसपास. न्यूयॉर्कच्या पहिल्या प्रयोगात एका तासाला तो 37 टक्के होता, दोन तासांना 17 टक्के. नुसत्या पीपीवरून निकाल लावणारा माणूस ‘काहीच फरक नाही’ म्हणून सोडून देण्याची शक्यता असते. ज्यांच्या घरी ग्लुकोमीटर आहे त्यांनी दोन वेगळ्या दिवशी तेच जेवण, त्याच वेळी, मोजून सारख्या प्रमाणात घ्यावं. औषधंही तीच आणि जेवणानंतरची शतपावलीही तेवढीच. एका दिवशी नेहमीचा क्रम, दुसऱ्या दिवशी उलटा. रक्त पहिल्या घासापासून मोजून एक, दोन आणि तीन तासांनी तपासावं, आणि त्याआधी जेवणाच्या तोंडावर एकदा. हात साबणाने धुवून कोरडे केलेले असावेत. बोटाला फळाचा रस लागलेला असला तर यंत्र खोटा मोठा आकडा दाखवतं. एकेका आकड्यात दहा-पंधराचा फरक यंत्राचाच असू शकतो, म्हणून तोलायचा तो पूर्ण चढ-उतार, आणि जमलं तर हीच जोडी पुन्हा एकदा करून पाहावी.

जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय क्रम बदलू नये. त्यांचा डोस आणि त्याची वेळ साखर लवकर चढणार हे गृहीत धरून ठरवलेली असते. भात वीस मिनिटं उशिरा आणि हळू आला तर इन्सुलिन आधी काम करून बसतं आणि साखर 70 च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड ही त्याची खूण. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनीही ही खबरदारी घ्यावी. दीर्घकाळच्या मधुमेहाने ज्यांचं जठर आधीच मंद झालं आहे, थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटतं आणि मळमळतं, त्यांच्यासाठी भाज्यांचा ढीग आधी खाणं त्रासाचं ठरेल. मूत्रपिंडाच्या विकारामुळे प्रथिनं मोजून खाणाऱ्यांनी ती या निमित्ताने वाढवू नयेत. बाकीच्यांनी ग्लुकोमीटरचे दोन दिवसांचे आकडे तारीख, वेळ आणि खाल्लेल्या पदार्थांसह वहीत लिहून ठेवावेत, आणि पुढच्या तपासणीला जाताना ती वही डॉक्टरांना दाखवावी.